रात्री अकराचा फोन

सांगलीजवळ किचन ट्रॉली बनवणारे एक गृहस्थ आहेत. पन्नाशीचे, प्लायवुडचा तुकडा नुसता हातात धरून त्याची प्रत सांगणारे. बाजारात सगळे त्यांना शेठ म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. गेल्या वर्षी त्यांच्या फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती माझ्याकडे आल्या, आणि जाहिरातींबरोबर रात्री अकराचा फोनही आला.

"अहो, आज एकच लीड. आठशे रुपये गेले आणि एक लीड. फोटो बदलू या का?"

लीड म्हणजे चौकशी. जाहिरातीवर बोट ठेवलं की एक छोटा फॉर्म उघडतो. त्यात नाव, मोबाइल नंबर, गाव भरून पाठवलं की ते शेठना मिळतं. मग शेठचा पुतण्या फोन करतो, घरी जाऊन मापं घेतो, कोटेशन देतो. त्यांच्या आधीच्या पाडव्याच्या कॅम्पेनमध्ये एका लीडला साधारण २०० रुपये पडले होते. या वेळी रोजचं बजेट ८०० रुपये होतं, वर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे दिवसाला चार लीड याव्यात, असा शेठचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, फक्त तो रोजच्या रोज जुळावा ही अपेक्षा चुकीची होती.

पहिल्या बारा दिवसांच्या लीड अशा आल्या: ३, १, ४, ०, ५, २, ३, १, ४, २, ५, १. (आकडे एका खऱ्या कामाचे आहेत, सोयीसाठी थोडे गोल केले आहेत.) दुसऱ्या दिवशी एकच आली म्हणून रात्री फोटो बदलला. तिसऱ्या दिवशी चार आल्या. "बघा, म्हटलं नव्हतं?" चौथ्या दिवशी शून्य, म्हणून वयोगट २५ ते ४५ होता तो ३० ते ५० केला. पाचव्या दिवशी पाच! मग सहाव्या रात्री नवा व्हिडिओ घातला, सातव्या रात्री मजकुरातलं 'ट्रोली' सुधारून 'ट्रॉली' केलं, आठव्या रात्री ऑफरची ओळ बदलली, दहाव्या रात्री आवडीनिवडींचं टार्गेटिंग बदललं. बारा दिवसांत सहा दुरुस्त्या, ९,६०० रुपये आणि ३१ लीड. एक लीड ३१० रुपयांना पडली.

यातल्या काही दुरुस्त्या माझ्याच हातून झाल्या, हे कबूल करतो. रात्री अकराला गिऱ्हाईक फोनवर असताना 'काही करू नका' म्हणणं अवघड जातं. काहीतरी केलं की आपण काम केलं असं दोघांनाही वाटतं.

या बाराही दिवसांत अ‍ॅड्स मॅनेजरच्या Delivery या रकान्यात एकच शब्द दिसत होता: Learning. तो काय सांगतो, हे समजण्यासाठी पडद्यामागे काय चालतं ते बघायला हवं.

इचलकरंजीतली एक बाई दुपारी इन्स्टाग्रामवर रील बघत बसली आहे. दोन रीलच्या मध्ये जाहिरातीची एक जागा येते. त्या जागेसाठी त्या क्षणी लिलाव होतो. शेठची ट्रॉली, कुणाची साडी, कुठला क्लास, एखादं कर्जाचं अ‍ॅप असे सगळे त्यात असतात. जो जास्त पैसे लावेल त्यालाच जागा मिळते, असं मात्र नाही. मेटा कंपनी तीन गोष्टी धरते: जाहिरातदाराची बोली, ही व्यक्ती ही जाहिरात बघून हवी ती कृती करण्याची शक्यता, आणि जाहिरातीचा दर्जा. बोलीला त्या शक्यतेने गुणलं जातं आणि त्यात दर्जाचे गुण मिळवले जातात. ज्याची बेरीज मोठी, त्याची जाहिरात दिसते.

सगळी मेख मधल्या आकड्यात आहे. ही बाई, ही जाहिरात, ही वेळ, ही जागा. ती फॉर्म भरण्याची शक्यता किती? जाहिरात नवी असते तेव्हा याचं पक्कं उत्तर कुणाकडेच नसतं. सुरुवातीला यंत्रणा इतर जाहिरातींच्या आणि त्या खात्याच्या जुन्या अनुभवावरून अंदाज बांधते. मग जाहिरात वेगवेगळ्या लोकांना, वेगवेगळ्या वेळी, कधी फीडमध्ये, कधी स्टोरीत, कधी रीलमध्ये दाखवून बघते. कुणी फॉर्म भरला, कुणी अर्धा भरून सोडला, कुणी नुसतंच बोटाने वर सरकवलं, यावरून अंदाज सुधारत जातो. भाडेकरूला ट्रॉली दाखवण्यात पैसे जातात, नुकतं घराचं कर्ज फेडून मोकळ्या झालेल्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून हे पहिले दिवस महागही असतात आणि हेलकावेही खातात. मेटाच सांगते की या काळात निकाल स्थिर नसतात आणि दर बहुधा जास्त पडतो.

हे शिकणं चालतं अ‍ॅड सेटच्या पातळीवर. अ‍ॅड सेट म्हणजे एकच प्रेक्षक आणि एकच वेळापत्रक असलेला जाहिरातींचा गठ्ठा. बजेटही बहुधा त्याचंच असतं. शेवटच्या मोठ्या बदलानंतरच्या सात दिवसांत त्या अ‍ॅड सेटला साधारण ५० निकाल मिळाले की Learning हा शब्द निघून जातो. गुगलकडेही जवळपास असाच मापदंड आहे. तिथली आपोआप बोली लावणारी पद्धत नव्या उद्दिष्टाला रुळायला सुमारे ५० कन्व्हर्जन लागू शकतात, किंवा गिऱ्हाइकाच्या क्लिकपासून खरेदीपर्यंत जेवढा काळ जातो त्याच्या तीन फेऱ्या.

'शेवटच्या मोठ्या बदलानंतर' हे शब्द शेठनी ऐकलेच नव्हते. मोठा बदल केला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. ही काही शिक्षा नव्हे. यंत्रणेने जे शिकलं होतं ते त्या फोटोबद्दल, त्या वयोगटाबद्दल होतं. फोटो बदलला की जुन्या अंदाजाचा आधार निम्माशिम्मा सुटतो, कारण आता त्या बाईला वेगळीच वस्तू दिसणार असते. वयोगट बदलला की लिलावात समोर येणारी माणसंही बदलतात आणि त्यांच्यासाठी बोली लावणारे प्रतिस्पर्धीही. जुनं सगळंच पुसलं जातं असंही नाही, खात्याचा मागचा अनुभव शिल्लक राहतो. पण या अ‍ॅड सेटला पुन्हा चाचपडावं लागतं, आणि तो चाचपडण्याचा खर्च आपल्याच खिशातून जातो.

कुठला बदल मोठा, हेही यावरूनच ओळखता येतं. 'हा माणूस, ही जाहिरात, हा निकाल' या तिघांपैकी ज्याला धक्का बसतो तो बदल मोठा. टार्गेटिंग बदलणं, जाहिरातीचा फोटो किंवा मजकूर बदलणं, अ‍ॅड सेटमध्ये नवी जाहिरात घालणं, लीडऐवजी दुसरं उद्दिष्ट निवडणं, बोलीची पद्धत बदलणं हे सगळे मोठे. अ‍ॅड सेट बंद करून सात दिवस किंवा त्याहून जास्त ठेवला आणि मग चालू केला, तरी मोजणी नव्याने होते. कॅम्पेनचं नाव बदलल्याने काही बिघडत नाही, कारण लिलावाला नावाशी देणंघेणं नसतं. बजेटचं मात्र प्रमाणावर आहे. मेटाचं स्वतःचं उदाहरण असं आहे की १०० डॉलरचे १०१ केले तर बहुधा फरक पडणार नाही, १,००० केले तर पडू शकतो. 'एका वेळी वीस टक्क्यांपर्यंतच बजेट वाढवा' असा जो नियम आमच्या धंद्यात सगळे छातीठोकपणे सांगतात, तो आमच्या लोकांचा ठोकताळा आहे. बरा आहे, पण कुठल्या खडकावर कोरलेला नाही.

आपण नेमका कधी हात लावला, हे विसरायला होतं. त्यासाठी अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये Last significant edit हा रकाना चालू करून ठेवता येतो. शेठच्या खात्यात तो चालू केला तेव्हा बाराव्या दिवशी तिथे दोनच दिवसांपूर्वीची तारीख होती. बारा दिवस चाललेली जाहिरात यंत्रणेच्या लेखी दोन दिवसांची होती.

आता शेठच्या मनाचा भाग. त्यांचं म्हणणं साधं होतं: "बदल केला की दुसऱ्या दिवशी लीड वाढतात. डोळ्यांनी दिसतंय." आणि खरंच दिसत होतं. एकच्या पुढे चार, शून्याच्या पुढे पाच.

समजा जाहिरात ठीकठाक चालली आहे आणि दिवसाला सरासरी चार लीड येतात. तरी त्या रोज चार येणार नाहीत. शक्यतेच्या गणिताने बघितलं तर अकरा दिवसांतून एखाद्या दिवशी एक किंवा शून्यच लीड येते, आणि नऊएक दिवसांतून एकदा सात किंवा जास्त. म्हणजे महिन्यात तीनेक दिवस वाईट आणि तीनेक दिवस दिवाळी, आणि दोन्हींत काहीच बिघडलेलं किंवा सुधारलेलं नसतं. त्याच ८०० रुपयांत एका दिवशी लीड ८०० ला पडते आणि दुसऱ्या दिवशी ११४ ला.

आता वाईट दिवसाच्याच रात्री आपण बदल करतो, चांगल्या दिवशी करत नाही. वाईट दिवसानंतरचा दिवस बहुतेक वेळा बरा असतोच, काही केलं नाही तरी. म्हणून प्रत्येक बदल लागू पडल्यासारखा वाटतो. गावाकडे अंगारा लावला आणि दोन दिवसांत ताप उतरला की श्रेय अंगाऱ्याला जातं, तसंच हे. फरक एवढाच की अंगाऱ्याने ताप पुन्हा पहिल्या दिवसावर जात नाही, आणि इथे जातो.

दोन फोटोंची तुलना करतानाही हीच फसगत होते. शेठ म्हणाले, "लाल ट्रॉलीला तीन लीड, पांढरीला एक. पांढरी काढून टाका." मी खिशातली चार नाणी काढून टेबलावर उडवली. चार नाण्यांत दोन छापे, दोन काटे असा सारखा निकाल सोळातून सहाच वेळा येतो. उरलेल्या दहा वेळा तीनास एक किंवा चारास शून्य. म्हणजे दोन्ही फोटो अगदी समान असते तरी 'एक जिंकला' असं दिसण्याचीच शक्यता जास्त. शेठनी नाणी तीनदा उडवून बघितली. दोनदा तीनास एक आलं. ते काही बोलले नाहीत, पण पांढरी ट्रॉली राहिली.

बारा दिवसांचा एकूण आकडा मात्र निव्वळ नशिबावर ढकलता येत नाही. २०० च्या दराने ४८ लीड यायला हव्या होत्या, आल्या ३१. इतकी तूट नुसत्या योगायोगाने क्वचितच पडते. रोजच्या आकड्यात गोंधळ जास्त आणि अर्थ कमी, बारा दिवसांच्या बेरजेत अर्थ दिसायला लागतो. काहीतरी खरंच बिघडलं होतं.

आणखी शोधल्यावर दुसरं कारणही सापडलं. आम्ही सांगली, मिरज-कुपवाड आणि इचलकरंजी असे तीन वेगळे अ‍ॅड सेट केले होते. कागदावर फार व्यवस्थित दिसायचं. पण ८०० रुपये तिघांत वाटले की प्रत्येकाला २६७, म्हणजे दिवसाला जेमतेम सव्वा लीड आणि आठवड्याला नऊ. पन्नासच्या जागी नऊ! हात लावला नसता तरी तिघांपैकी एकही शिकून बाहेर पडला नसता. तीन पोरांना एकच पुस्तक फाडून वाटून दिल्यासारखं झालं होतं.

तेराव्या दिवशी पुतण्याला घेऊन कॅल्क्युलेटरवर बसलो. ५० लीड गुणिले २०० रुपये म्हणजे दहा हजार, सात दिवसांनी भागले तर दिवसाला सुमारे १,४३०. शेठचा चेहरा पडला. मग दुसऱ्या बाजूने मोजलं. ८०० च्या हिशेबाने सात आठवडे चालवायचं ठरलं होतं, म्हणजे ३९,२०० रुपये. तेच पैसे १,४०० च्या हिशेबाने बरोबर चार आठवडे पुरतात. खर्च तितकाच, फक्त दाटून केलेला. तिन्ही गावांचा एक अ‍ॅड सेट, त्यात दोनच जाहिराती, आणि आठवडाभर कुणी हात लावायचा नाही असं ठरलं.

प्रत्येकाला हे जमेल असं नाही. आठवड्याला दहाच चौकश्या पुरणारा, पाच-सहा हजारांत महिना काढणारा धंदा असतो. तिथे काही दिवसांनी Learning च्या जागी Learning limited असं दिसायला लागतं. म्हणजे पन्नासचा टप्पा गाठला जाईल असं यंत्रणेला वाटत नाही. ते वाचून लोक घाबरतात आणि पुन्हा बदल करतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. तो शब्द म्हणजे जाहिरात बंद पडल्याची सूचना नाही. लीड परवडणाऱ्या दरात येत असेल तर ती पाटी तशीच राहू द्यावी, असं माझं मत आहे. परवडत नसेल तर अ‍ॅड सेट एकत्र करावेत, प्रेक्षक थोडा मोठा करावा. किंवा खरेदीऐवजी त्याआधीची, जास्त वेळा घडणारी पायरी उद्दिष्ट म्हणून निवडावी, जसं वस्तू कार्टमध्ये टाकणं. यातली अडचण अशी की कार्ट भरणारे आणि पैसे देणारे हे वेगवेगळे लोक असू शकतात.

हात लावायचा नाही म्हणजे डोळे मिटायचे असं नाही. सुरू करण्याआधी मी स्वतःच्या मोबाइलवरून फॉर्म भरून लीड खरंच पोचते का ते बघितलं. किंमत, पत्ता, ऑफरची तारीख पुतण्याकडून मोठ्याने वाचून घेतली. ४५,००० च्या जागी ४,५०० छापलं गेलं असेल तर आठवडा संपायची वाट बघणं हा वेडेपणा आहे, ते त्या क्षणी दुरुस्त करायचं. फॉर्म उघडत नसेल, जाहिरात भलत्याच जिल्ह्यात दिसत असेल, पैसे खर्चच होत नसतील, तरीही तसंच. आणि शून्याचंही एक गणित आहे. दिवसाला चार लीड अपेक्षित असताना एक दिवस कोरडा जाण्याची शक्यता शंभरात दोनच, पण महिना-दोन महिन्यांत ते घडतं. सलग दोन दिवस कोरडे जाणं मात्र तीन हजार वेळांत एकदा. तेव्हा नशिबाला दोष न देता फॉर्म उघडून बघायचा, तिथे काहीतरी तुटलेलं असतंच.

बाकी जे सुचेल ते वहीत. शेठना मी खरोखरच दोनशे पानी वही दिली. रात्री अकराला जे मनात येईल ते त्यात लिहायचं, आठवड्याच्या शेवटी आपण बघू. एक बदल केला काय आणि पाच एकदम केले काय, मोजणी एकदाच शून्यावर जाते, म्हणून साठवून एका बैठकीत केलेलं स्वस्त पडतं. पाच एकदम केले तर कुठल्याने गुण आला ते कळत नाही, हा तोटा आहेच. लहान बजेटमध्ये ते तसंही कळत नसतं.

पहिला आठवडा: ५, ९, ३, ६, ४, ८, ७. तिसऱ्या दिवशी फोन आला. "१,४०० रुपये आणि तीन लीड." मी म्हटलं, वहीत लिहा. त्यांनी काहीतरी पुटपुटत ठेवला. आठवड्याच्या ४२ लीड झाल्या, दर २३३. पन्नास झाल्या नाहीत, पण दुसऱ्या आठवड्यात ५१ झाल्या आणि Learning गेलं. दर १९२ वर आला. तिसऱ्यात ५३, चौथ्यात ४८. चार आठवड्यांत १९४ लीड, सरासरी २०२ रुपये. जादू काही झाली नाही. पाडव्याला जो दर होता तोच परत मिळाला, आणि ३१० चा दर आम्ही आमच्या हाताने तयार केला होता असं मला वाटतं. महिना वेगळा होता आणि अ‍ॅड सेटही एकत्र केले होते, तेव्हा सगळं श्रेय हात न लावण्याला देता येणार नाही. पण बराचसा वाटा त्याचा असणार.

दुसऱ्या आठवड्याअखेर खरा मोह आला. पुतण्या म्हणाला, "काका, ९३ पैकी २७ जण फोनच उचलत नाहीत." ही तक्रार रास्त होती. फॉर्ममध्ये नाव-नंबर आपोआप भरलेला येतो, त्यामुळे नुसत्या कुतूहलाने बोट दाबणारेही लीड होतात. त्यावर इलाज आहे: पाठवण्याआधी 'तुमची माहिती तपासा' असं विचारणारा फॉर्म लावायचा. लीड कमी होतात, पण पक्क्या होतात. मात्र फॉर्म बदलणं म्हणजे जाहिरातच बदलणं. शेठनी त्या रात्री फोन न करता सकाळी केला आणि विचारलं, "उरलेल्या ६६ मधले शोरूमला किती आले?" पुतण्याने मोजले, चौदा. "मग राहू दे," शेठ म्हणाले. हा आकडा अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये कुठेच नसतो, तो दुकानातच मोजावा लागतो.

एकोणतिसाव्या दिवशी आम्ही वही उघडली. बावीस नोंदी होत्या. त्यातल्या चौदा शेठनी स्वतःच खोडल्या. उरलेल्यांत नवी किंमत, दिवाळीची ऑफर, तपासणीचा फॉर्म आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित केलेलं, 'ट्रोली'. सातव्या रात्री सुधारलेला तो शब्द नव्या जाहिरातीत जुन्या मजकुरावरून तसाच आला होता आणि चार आठवडे तसाच दिसत होता. एका बाईंनी शोरूममध्ये येऊन त्यावरून शेठची थट्टाही केली होती, आणि मग ट्रॉली घेतली होती. सगळं एका बैठकीत बदललं. पुतण्याने पान पुन्हा उघडलं, तर Delivery च्या रकान्यात परत Learning. शेठनी बघितलं आणि वही स्वतःच्या पिशवीत घातली.